इंजेक्शन कपाटात, आणि आम्ही गाडीत

*मला ॲडिसन्सचा आजार आहे, चार वर्षं झाली. रोज हायड्रोकॉर्टिसोन घेते. घरी इमर्जन्सी इंजेक्शनचा डबा आहे. नर्सने एकदा नवऱ्याला दाखवलं होतं, पण तो सुईकडे बघतसुद्धा नाही. गेल्या महिन्यात मला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा त्याने मला गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. डबा कपाटातच राहिला. तिथे पाऊण तास खुर्चीवर बसवून ठेवलं, कारण आजाराची माहिती असलेलं कार्ड दुसऱ्या पर्समध्ये होतं. आजार कोरलेलं ब्रेसलेट मी घालत नाही, येणारा-जाणारा विचारतो. घरात नवरा, सासूबाई आणि पंधरा वर्षांचा मुलगा आहे. कुणाला शिकवू आणि कसं? आणि गरज नसताना टोचलं तर?*

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मला वाटतं तुमच्या यजमानांचा हात तिथेच अडलाय. गरज नसताना हायड्रोकॉर्टिसोनचा १०० मिलिग्रॅमचा एक डोस गेला, तर फार काही होत नाही. रात्री झोप लागणार नाही, चेहरा थोडा लाल होईल, जीव जरा अस्वस्थ वाटेल. मधुमेह असेल तर काही तास साखर वर राहील. दम्याचा मोठा झटका आलेल्या माणसाला हॉस्पिटलात हेच औषध एवढंच, कधी याहून जास्तही देतात. उलट गरज असताना ते गेलं नाही, तर माणूस जाऊ शकतो. दोन्ही चुका सारख्या नाहीत. मी हार्मोन विभागात बरीच वर्षं नर्स होते, कितीतरी घरांना हे इंजेक्शन शिकवलं, आणि पहिल्या दिवशी सुई हातात देण्याआधी एवढंच सांगायचे. ते ऐकलं की बहुतेकांचे खांदे खाली यायचे.

आता गोळ्या घेत असताना मुळात इंजेक्शन का लागतं, ते घरच्यांना एकदा नीट कळायला हवं. निरोगी माणसाला ताप आला, जुलाब झाले, अपघात झाला की त्याच्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल हे ताण पेलायचं हार्मोन एकदम कितीतरी पटीने वाढवतात. ॲडिसन्समध्ये तुमच्या ग्रंथींना ते जमत नाही. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी म्हणजे तेच कॉर्टिसोल बाहेरून घेणं, म्हणून डॉक्टर तापात गोळ्या दुप्पट करायला सांगतात. पण उलटी होतेय तर गोळी पोटात टिकणार कुठे? हायड्रोकॉर्टिसोन रक्तात फार वेळ राहतही नाही, साधारण दीड तासात त्याचं प्रमाण निम्मं होतं. त्यामुळे सकाळची आणि दुपारची गोळी उलटून पडली, तर संध्याकाळपर्यंत अंगात जवळपास काहीच उरलेलं नसतं, आणि नेमकं तेव्हाच शरीर सर्वात जास्त मागत असतं. त्यात ॲडिसन्समध्ये मीठ धरून ठेवणारं दुसरं हार्मोनही बनत नाही, म्हणून मीठ-पाणी बाहेर जात राहतं आणि बीपी आणखी लवकर खाली येतं. १०० मिलिग्रॅमचा डोस एवढा मोठा असतो की तेवढ्यापुरतं तो हेही काम सांभाळून घेतो.

तुमच्या घरात त्या दिवशी झालं ते मी पुष्कळदा पाहिलंय. सुई कशी टोचायची हे वीस मिनिटांत शिकता येतं. अडतं ते ‘आता टोचायचं का?’ या प्रश्नावर. गाडी काढणं ही प्रत्येकाला माहीत असलेली कृती असते, म्हणून घाबरलेला माणूस ती करतो. तेव्हा आधी निर्णय शिकवा, सुई नंतर.

तुमच्या डॉक्टरांसोबत बसून एक कागद करा. त्यावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त काही नको. माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत तो साधारण असा असतो: गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर गोळी पुन्हा घ्यायची. ती दुसरी गोळीही उलटली, तर इंजेक्शन. जुलाब थांबत नाहीत आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तर इंजेक्शन. असंबद्ध बोलते, हाका मारून नीट उत्तर देत नाही, अंग गार आणि घामेजलेलं आहे किंवा शुद्ध हरपली आहे, तर इंजेक्शन, लगेच, विचार न करता. मोठा अपघात किंवा हाड मोडलं, तरी इंजेक्शन. आणि यातलं कुठलंही इंजेक्शन दिलं की मग ॲम्ब्युलन्स. मिनिटांचे आकडे आणि गोळ्यांचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलंच धरायचं. माझा कागद हा नमुना आहे.

त्या कागदावर आणखी एक ओळ हवी, आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने लिहायची: ‘त्या वेळी मी नको म्हटलं, तरी द्यायचं.’ अंगातलं कॉर्टिसोल असं एकदम कमी पडतं, त्याला ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात. त्यात मेंदूलाही कॉर्टिसोल आणि साखर कमी पडते. माणूस चिडचिडा होतो, हट्टी होतो, ‘मला फक्त झोपू दे, सकाळी बघू’ म्हणतो. घरचे ते ऐकतात, कारण एरवी आजाराबद्दलचं शेवटचं मत त्याच माणसाचं असतं. एका गृहस्थांची गोष्ट सांगते. पिट्यूटरी ग्रंथीचं ऑपरेशन झाल्यापासून ते स्टेरॉइडवर, म्हणजे याच हायड्रोकॉर्टिसोनवर होते. त्यांचा आजार तुमच्याहून वेगळा, पण इंजेक्शन तेच. त्यांच्या बायकोला मी तीनदा शिकवलं होतं. आणि तिसऱ्या वेळी कंटाळून ती म्हणाली होती, “अहो, यांना कधी काही होत नाही हो.”

एका संध्याकाळी त्यांना १०१ ताप आला. कागदाप्रमाणे त्यांनी गोळी दुप्पट केली, १० ऐवजी २० मिलिग्रॅम. अकराला गोळी घेतली, सव्वाअकराला उलटी. पुन्हा गोळी. अकरा चाळीसला पुन्हा उलटी. बाईंनी डबा काढला तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसून होते आणि सरळ म्हणाले, “काही नको. तू झोप.” नंतर बाई मला सांगत होत्या की त्यांचा हात तिथे थांबला होता. मग डब्याच्या झाकणावर नवऱ्याच्या अक्षरातली ती ओळ दिसली. बाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि मग त्या गृहस्थांनी स्वतःच पायजमा वर केला. काचेची अँप्यूल फोडताना बाईंच्या बोटाला काच लागली, पाणी चादरीवर सांडलं. डब्यात दुसरी अँप्यूल होती, म्हणून निभावलं. अकरा पन्नासला औषध मांडीत होतं, दोन मिनिटांनी फोन. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा बीपी ८०/५० होतं. इंजेक्शन अंगात असूनही एवढं कमी, तर ते नसतं तर काय झालं असतं याचा हिशोब आम्ही वॉर्डात कधी मोठ्याने केला नाही.

या गोष्टीतून तुमच्या डब्यात काय हवं ते कळेल. हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट १०० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या, इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी दोन-तीन अँप्यूल, २ किंवा ३ मिलिलिटरच्या दोन सिरिंज, औषध ओढायच्या आणि टोचायच्या मिळून चार सुया, थोडा कापूस, आणि वापरलेली सुई टाकायला जाड प्लॅस्टिकची झाकणाची डबी. कुपीवरचं नाव पूर्ण वाचा. हायड्रोकॉर्टिसोन ‘ॲसिटेट’ नावाचंही इंजेक्शन मिळतं, ते सांध्यात द्यायचं असतं. ते हळूहळू उतरतं, या कामाचं नाही. मी एका घरात चक्क दोन वर्षं तेच जपून ठेवलेलं पाहिलंय. काही ठिकाणी दोन कप्प्यांची कुपी मिळते. वरचं टोपण दाबलं की पाणी आपोआप पावडरीत उतरतं. काही ठिकाणी तयार द्रावणही मिळतं. तसं मिळालं तर पाणी मिसळण्याची पायरीच वाचते, फक्त मग घरातल्या सगळ्यांनी त्याच प्रकारावर सराव करायचा. अमुक प्रकारावर शिकले आणि डब्यात तमुक निघाला, असं नको.

आता हात. पावडरीच्या कुपीचं प्लॅस्टिकचं टोपण अंगठ्याने उडवलं की खाली रबर दिसतं, ते कापसाने पुसायचं. पाण्याची अँप्यूल आधी बोटाने टिचकी मारून वरचं पाणी खाली आणायचं. काचेची असेल तर मानेला कापूस गुंडाळून ठिपका आपल्याकडे धरायचा आणि वरचा भाग आपल्यापासून दूर मोडायचा. प्लॅस्टिकची असेल तर पिळून निघते. सिरिंजमध्ये २ मिलिलिटर पाणी ओढायचं, सुई रबरातून कुपीत घालून पाणी आत सोडायचं आणि सुई तशीच ठेवून कुपी हळूच गोल फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं औषध बिघडलं. अर्ध्या मिनिटात पांढरी पावडर विरघळून पाणी स्वच्छ दिसायला हवं. गढूळ राहिलं किंवा कण दिसले, तर दुसरी कुपी.

यापुढच्या पायरीवर सगळे अडतात, म्हणून सावकाश सांगते. औषध बाहेर ओढायला कुपी उलटी धरायची. उलटी केल्यावर औषध खाली रबराजवळ येतं, आणि सुई जर खूप आत गेलेली असेल तर तिचं टोक औषधाच्या वर, हवेत असतं. मग दट्ट्या ओढला की नुसती हवा येते. माणूस पुन्हा ओढतो, पुन्हा हवा. इलाज साधा आहे: सुई जरा बाहेर घ्या, टोक औषधात बुडलेलं दिसलं पाहिजे. कुपीकडे डोळ्यांच्या पातळीवर बघितलं की हे चटकन कळतं. थोडं औषध आत राहिलं तरी चालतं, थेंब-थेंब काढत बसू नका.

मग सुई बदलायची, कारण रबरातून गेलेली सुई बोथट होते आणि दुखते. मोठा बुडबुडा असेल तर सिरिंज वर धरून तो बाहेर काढा, बारीक फुगे स्नायूत गेले तर काही होत नाही. जागा मांडीची बाहेरची बाजू, कंबर आणि गुडघ्याच्या बरोबर मध्ये. पॅंटच्या बाजूची शिवण जिथे जाते, तिथेच. एका हाताने कातडी ताणायची, दुसऱ्या हातात सिरिंज पेनासारखी धरायची आणि मांडीशी काटकोन करून सुई सरळ, एका झटक्यात आत घालायची. हळूहळू घातलेली सुई जास्त दुखते. घाबरून लोक नेमकं तेच करतात. औषध मात्र सावकाश: दहापर्यंत मोजत दट्ट्या दाबा. सुई काढा, कापूस धरा. रक्ताचा थेंब आला तर काही बिघडलं नाही. मांडीच्या या बाजूला मोठी रक्तवाहिनी नसते, म्हणून इथे आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का ते बघायची गरज नाही. घाईत पातळ कपड्यातून टोचलं तरी चालतं. सुई चरबीतच राहिली, तरी औषध पोचतं, फक्त काही मिनिटं जास्त लागतात. हे तुमच्या यजमानांना मुद्दाम सांगा. त्यांना वाटत असेल की एक मिलिमीटर चुकला की सगळं संपलं. प्रत्यक्षात चुकायला भरपूर जागा आहे.

(हे पत्र लहान मुलांचे आईबाबाही वाचत असतील, म्हणून कंसात: मुलांचा डोस वेगळा असतो. सर्वसाधारणपणे वर्षाच्या आतल्या बाळाला २५, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ५० आणि सहा वर्षांपुढे १०० मिलिग्रॅम. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून डब्यावर लिहून घ्या, म्हणजे अर्धी कुपी की पूर्ण हा प्रश्न रात्री पडणार नाही.)

टोचून झालं की किती वाजले ते कुपीवर किंवा हातावर लिहायचं आणि फोन करायचा. घरात दोघं असतील तर एकाने टोचावं, दुसऱ्याने त्याच वेळी फोन करावा. एकच असेल तर आधी इंजेक्शन, मग फोन. तुम्हाला आडवं करून पाय उशीवर उंच ठेवायचे. ग्लानीत असाल तर कुशीवर, आणि तोंडात काहीही घालायचं नाही. ‘बरं वाटतंय, आता कशाला जायचं’ हा पुढचा सापळा. एका इंजेक्शनचा जोर काही तासांत ओसरतो आणि उलट्या-जुलाबांत गेलेलं मीठ-पाणी काही ते भरून काढत नाही. सलाईन हॉस्पिटलातच लागणार.

तुम्ही विचारलंय, कुणाला शिकवू. तिघांनाही, पण प्रत्येकाला वेगळं. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याला विचारा. हो म्हणाला तर त्याला पूर्ण शिकवा. या वयातली मुलं मोठ्यांपेक्षा स्थिर हाताने करतात, मी पाहिलंय. मात्र त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: घरात कुणी मोठं असेल तर निर्णयाचं ओझं त्याच्यावर नाही, आणि एकटा असेल तर कागदावर आहे तेवढंच करायचं. नाही म्हणाला तर सोडून द्या, वर्षभराने पुन्हा विचारा. सासूबाईंना सुई हातात घ्यायला लावू नका. त्यांना फोन, दार उघडणं, डबा आणि कार्ड आणणं हे काम द्या, आणि त्या फोनवर काय बोलणार ते एक वाक्य पाठ करून घ्या. आधी त्यांच्याकडून म्हणवून घ्या, मग गृहीत धरा.

यजमानांचं कसं करायचं? पहिल्या दिवशी मांडी नकोच. मुदत संपलेली कुपी आणि पाणी घेऊन नुसतं मिसळायला लावा, तीनदा, कशालाही न टोचता. मग एक संत्रं किंवा जाडसर स्पंज घ्या आणि त्यात टोचायला लावा. संत्र्याची साल सुईला साधारण कातडीसारखाच विरोध करते. सुईकडे बघवत नसेल तर डोळे संत्र्यावरच्या एका पेनाच्या खुणेवर ठेवायला सांगा, सुईवर नकोत. हे मी एका भल्या मोठ्या पहिलवानासारख्या माणसावर वापरलं होतं. तो दुसऱ्या प्रयत्नालाच हसायला लागला.

आणि सरावाचा एक नियम आहे, तो तुमच्यासाठी. तुम्ही बोलायचं नाही. रुग्णाला सगळं पाठ असतं, म्हणून सरावात तो सतत सांगत राहतो: आता ते घे, आता उलटं धर. समोरच्याचे हात शिकतात, डोकं शिकत नाही, आणि खऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसता. तेव्हा पलंगावर आडव्या व्हा, डोळे मिटा, आणि त्यांना कपाटापासून सुरुवात करू द्या. डबा शोधणं, कागद वाचणं, मिसळणं, संत्र्याला टोचणं, फोनचं नाटक, सगळं. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील. कुठे अडलं ते उठल्यावर सांगा, मध्ये नाही. दर तीन-चार महिन्यांनी एकदा हे करायचं, आणि त्याच दिवशी डब्यातली मुदत बघायची. मुदत संपलेली कुपी सरावाच्या पिशवीत जाते, नवी डब्यात येते. सरावाची पिशवी वेगळ्या रंगाची असू द्या, म्हणजे अदलाबदल व्हायची नाही.

डबा कपाटात आत नको, दिसेल अशा जागी, २५ अंशांच्या वर जाणार नाही अशा ठिकाणी. गाडीत कायमचा ठेवू नका, उन्हात गाडी भट्टी होते. घराबाहेर पडताना तो गोळ्यांबरोबर तुमच्या पिशवीत जायला हवा. तुम्ही गाडीत होतात आणि डबा कपाटात होता, यात तुमच्या यजमानांची चूक निम्मीच. डब्याला ठरलेली जागाच नव्हती.

आता कार्ड आणि ब्रेसलेट. या दोघांची कामं वेगळी आहेत. ब्रेसलेट तुम्ही बेशुद्ध असताना अनोळखी माणसाशी बोलतं, कार्ड डॉक्टरांशी. नाडी बघायला मनगट धरतात, म्हणून मनगटावरचं ब्रेसलेट गळ्यातल्या साखळीपेक्षा लवकर सापडतं. त्यावर फक्त ‘ॲडिसन्स’ कोरू नका. ‘ॲड्रिनल इन्सफिशियन्सी, स्टेरॉइडवर अवलंबून, इमर्जन्सीत हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ द्या’, आणि एक फोन नंबर. काय झालंय याच्याआधी काय करायचं ते कळलं पाहिजे. अक्षरं बाहेरच्या बाजूला आणि वाचता येतील एवढी. नाजूक दागिन्यासारखी काही ब्रेसलेट मिळतात, त्यावर मजकूर आतून आणि मुंगीएवढा असतो. ती घालून काहीच होत नाही. आणि भाषा? तुम्ही राहता तिथली ॲम्ब्युलन्सची माणसं ज्या भाषेत वाचतात ती.

लोक विचारतात म्हणून तुम्ही घालत नाही, हे मला समजतं. घड्याळाच्या पट्ट्यावर बसणारा बिल्लाही मिळतो, लोकांना तो घड्याळाचाच भाग वाटतो. पण एक सांगू? जे विचारतात त्यांच्यातल्या दोघा-तिघांना तुम्ही नीट उत्तर दिलंत, तर ऑफिसात किंवा प्रवासात डबा कुठे आहे हे माहीत असलेली तेवढी माणसं तयार होतात.

कार्डाच्या एका बाजूला तुमचं नाव, जन्मतारीख, आजार, रोजचे डोस, डॉक्टरांचा आणि घरचा नंबर. दुसऱ्या बाजूला डॉक्टरांसाठी सूचना, आणि त्या मोघम नकोत: हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ ताबडतोब शिरेतून किंवा स्नायूत, नंतर २४ तासांत २०० मिग्रॅ सलग सलाईनमधून किंवा दर ६ तासांनी ५० मिग्रॅ, पहिल्या तासात १ लिटर नॉर्मल सलाईन, रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबू नका. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना एकाच नमुन्याचं स्टेरॉइड इमर्जन्सी कार्ड देतात, कारण तिथेही इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना हा आजार क्वचितच दिसतो आणि उलट्या होणारा माणूस रांगेत बसवला जातो. तुमच्याकडे छापील कार्ड नसेल तर डॉक्टरांच्या लेटरहेडवर हेच लिहून, सही-शिक्का घेऊन लॅमिनेट करा. एक प्रत पुरत नाही, हे तुम्हाला अनुभवाने कळलंच आहे. एक पाकिटात, एक मोबाइलच्या कव्हरमध्ये, एक डब्यात, एक यजमानांच्या पाकिटात. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर दिसणाऱ्या इमर्जन्सी माहितीतही तेच भरा. डोस बदलला की सगळ्या प्रती बदलायच्या, म्हणून कोपऱ्यात तारीख. दात काढायचा असेल, ऑपरेशन असेल किंवा पोट साफ करणारं औषध देऊन दुर्बिणीची तपासणी असेल, तेव्हाही आठवडाभर आधी हे कार्ड दाखवा. त्या वेळचे डोस वेगळे असतात.

पाऊण तास खुर्चीवर बसवलं तो भाग राहिला. नोंदणीच्या खिडकीवर ‘उलट्या होतायत’ म्हटलं की तुम्ही उलट्यांच्या रांगेत जाता. यजमानांनी कार्ड पुढे करून एवढंच म्हणायचं: “हिला ॲड्रिनल क्रायसिस आहे, इतके वाजता १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलंय, सलाईन आणि पुढचा डोस आत्ता लागेल.” तरी कुणी थांबा म्हणालं, तर ड्यूटीवरच्या वरिष्ठ डॉक्टरांना बोलवा म्हणायचं आणि कार्डावरच्या तुमच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावायचा. त्या पाऊण तासात डबा जवळ असता, तर त्यांनी तिथेच खुर्चीवर तुम्हाला इंजेक्शन द्यायला हवं होतं, हेही सांगून ठेवा. हॉस्पिटलच्या आवारात आपण द्यायचं नसतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. दिलं की लगेच तिथल्या नर्सला वेळ सांगायची.

पुढच्या रविवारी संत्री आणा आणि पलंगावर आडव्या व्हा. किती मिनिटं लागली ते मला कळवा, आणि कुठल्या पायरीवर अडलं तेही.